तुम्ही विचारलंत म्हणून: डबा द्यायला की बघायला

«नवरा आठवड्यातून एकदा घरी येतो, त्यावरून नातेवाईक आणि ऑफिसातले काही ना काही सुचवत असतात. तुम्ही कोणाला न दुखावता हे सगळं ऐकून कशा घेता? आणि तुमच्या मनात कधी शंका येत नाही का?»

शंका आली होती, आणि ती मनात घेऊन मी एका बुधवारी रजा टाकून बडोद्याहून भरूचला गेले होते. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही, त्यामुळे माझा स्वभावच शांत आहे असा तुमच्यापैकी अनेकांचा समज झाला आहे. तो समज तसाच ठेवून मी उत्तर दिले, तर ते खोटे ठरेल.

नवऱ्याची नोकरी दहेजच्या एका रासायनिक कारखान्यात आहे आणि तो भरूचला दोन सहकाऱ्यांसोबत खोली घेऊन राहतो, एवढे तुम्हाला माहीत आहे. माहीत नसते ते त्या कामाचे वेळापत्रक, आणि सगळे सल्ले नेमके त्याच अज्ञानातून निघतात. पहिली पाळी सकाळी सहा ते दुपारी दोन, दुसरी दोन ते रात्री दहा, तिसरी दहा ते सकाळी सहा. जिथे ज्वलनशील वायू असू शकतो तिथे साधा मोबाइल नेऊ देत नाहीत, तो फाटकावर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. पाळी संपली तरी पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, समोर येऊन काम ताब्यात घेईपर्यंत जागा सोडता येत नाही, कारण चालू प्लांट कोणाच्या तरी देखरेखीवाचून राहू शकत नाही. रिलिव्हर आला नाही तर आठ तासांचे बारा होतात, कधी सोळाही होतात, आणि तेवढा वेळ लॉकरमधल्या फोनची घंटा नुसती वाजत राहते.

आमच्या बँकेत दुपारी आम्ही पाच जणी एकत्र डबा खातो. त्यातल्या एक बेन मला वयाने मोठ्या आहेत, माझ्या आईच्या आजारपणात त्यांनी तीन आठवडे माझे काउंटर सांभाळले होते, आणि त्यांच्या हेतूबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. एक दिवस मीच त्रासून म्हणाले होते, की काल दुपारपासून रात्रीपर्यंत ह्यांनी फोन उचलला नाही. त्या पोळीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाल्या, «बेन, ध्यान राखजो.» एवढेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, «काल उचलला का?» तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एकीने तेच विचारले. दांडिया बाजारातल्या काकू, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, वर्षभर वेगळ्या शब्दांत तेच सांगत होत्या: पुरुषाला फार दिवस घराबाहेर ठेवू नये.

माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकतो तेव्हा ती त्याला अधिक खरी वाटू लागते. 1977 साली हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांपुढे दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा काही विधाने ठेवली, आणि जी विधाने पुन्हा आली ती विद्यार्थ्यांना दर वेळी जास्त खरी वाटत गेली. हे मी फार उशिरा वाचले. आधी वाचले असते तरी बहुधा उपयोग झाला नसता, कारण मी काही ऐकून बदलते आहे असे मला वाटतच नव्हते. मला वाटत होते की मी काळजी करते आहे.

काळजी आणि संशय यांतला फरक मला माझ्या एका वहीमुळे कळला. बँकेच्या डायरीच्या मागच्या पानांवर मी नोंदी करू लागले होते: तारीख, मी फोन केल्याची वेळ, त्याने उचलल्याची किंवा परत केल्याची वेळ. एकोणीस दिवसांच्या नोंदी होत्या. ज्याची काळजी वाटते त्याला आपण विचारतो की जेवलास का, झोपलास का. मी ते विचारणे सोडून मोजायला लागले होते. म्हणून आता कोणी मला विचारते की मनात शंका रुजली आहे हे कसे ओळखायचे, तर मी सांगते की आपण जोडीदाराला न सांगता काही मोजतो आहोत का ते पाहावे.

त्या बुधवारी मी भरली वांगी आणि भाकरी केली, डबा बांधला आणि सकाळची गाडी पकडली. डबा हे निमित्त होते. गाडीत मी स्वतःला अनेकदा सांगितले की मी प्रेमानेच जाते आहे, आणि आज ते वाक्य आठवले की मला त्या बाईशी भांडावेसे वाटते. प्रेमाने जाणारी बाई आधी फोन करते. त्याला सुट्टी आहे का, पाळी कोणती आहे, हे विचारते.

दार वाजवल्यावर बराच वेळ ते उघडले नाही, आणि तेवढ्या वेळात मी जे जे मनात आणले ते इथे लिहिण्याची माझी तयारी नाही. मग तो आला. रात्रपाळी करून सकाळी आठला झोपला होता. खिडक्यांच्या काचांना आतून वर्तमानपत्रे चिकटवलेली होती, म्हणजे दिवसा उजेड येऊ नये. भिंतीवर महिन्याचे पाळीपत्रक लावलेले होते. त्याच्या उशाशी फोन होता आणि त्यात तीन वाजताचा गजर लावलेला होता, कारण माझ्या जेवणाच्या सुट्टीनंतर तो मला फोन करत असे. माझ्या नकळत माझी नजर खोलीत सगळीकडे फिरून आली. ती त्याने पाहिली. डबा हातात घेऊन तो म्हणाला, «डबा द्यायला आलीस, की बघायला?»

मी उत्तर दिले नाही. त्याने डबा उघडला, दोन घास खाल्ले, आणि म्हणाला, «कोणी सांगितलं?» मी कोणाचेही नाव घेतले नाही. तेव्हा मला वाटले की मी बेनना आणि काकूंना वाचवले. आज वाटते की नाव घेतले असते तर मी स्वतः तरी सुटले असते, आणि म्हणून न घेणेच योग्य होते, कारण गाडीत मी बसले होते, त्या बसल्या नव्हत्या. या दोन्हींपैकी खरे काय ते माझे अजून ठरलेले नाही.

घरी आल्यावर मी वहीतल्या नोंदी त्या पाळीपत्रकाशी ताडून पाहिल्या. बँकेत हे काम मी रोज करते, आणि हे मी आधी करायला हवे होते. एकोणीसपैकी सतरा दिवस पाळीशी तंतोतंत जुळले. उरलेल्या दोन दिवसांबद्दल मी त्याला सरळ विचारले: दोन्ही दिवशी रिलिव्हर आला नव्हता. वही मी त्याला दाखवली. त्याने ती पाहिली आणि काही न बोलता परत दिली.

लोकांना कसे सांभाळते, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. पहिली गोष्ट मी अशी केली की डब्याच्या वेळी नवऱ्याबद्दलची तक्रार बंद केली. बेननी जो सल्ला दिला होता त्याचा कच्चा माल मीच पुरवला होता. आपण सकाळी भांडून ऑफिसला येतो, तिथे बोलून मोकळे होतो, संध्याकाळी घरी समेट होतो, पण तो समेट कोणी दुसऱ्या दिवशी डब्याच्या टेबलावर सांगत नाही. त्यामुळे ऐकणाऱ्यांकडे फक्त भांडणांचा हिशेब साचत जातो, आणि त्यावरून त्या जो निष्कर्ष काढतात तो त्यांच्यापुरता बरोबरच असतो.

दुसरी गोष्ट वाक्याची आहे. पूर्वी मी सगळ्यांना «बघते, बोलते त्याच्याशी» असे सांगून विषय टाळत असे आणि त्यालाच शिष्टाचार समजत असे. पण त्या वाक्याने समोरच्याला पाठपुरावा करण्याचा हक्क मिळतो. आठवड्याने प्रश्न येतोच, «मग, बोललीस का?» आता मी म्हणते, «यावर आमचं दोघांचं बोलणं झालं आहे,» आणि तिथे थांबते. काय बोलणे झाले ते सांगत नाही. हे वाक्य खरे असावे लागते, म्हणून कोणी काही म्हटले की त्याच रात्री मी ते नवऱ्याला सांगते, आणि माझा प्रश्न म्हणून न विचारता कोण काय म्हणाले तेवढेच सांगते. त्याच्या बाजूच्या नातेवाइकांना तो उत्तर देतो, माझ्या बाजूच्यांना मी देते.

बेनना मी हे चारचौघींत सांगितले नाही. लॉकर रूमच्या बाहेर एकटीला गाठून म्हणाले, की तुमची माया मला कळते, पण ह्यांच्या फोनबद्दल आता मला विचारू नका, मला त्याचा त्रास होतो. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा जवळजवळ महिनाभर त्या माझ्याशी कामापुरत्याच बोलल्या. म्हणजे कोणालाच न दुखावता हे झाले, असे मी म्हणू शकत नाही. नंतर त्यांनी आपणहून लोणच्याची बरणी माझ्या डब्यापाशी सरकवली, आणि आम्ही त्या विषयावर पुन्हा बोललो नाही.

काकूंच्या बाबतीत मात्र मी एकदा कान बंद ठेवले असते तर मोठी चूक झाली असती. गौरीच्या जेवणाच्या दिवशी त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, «अगं, त्याचं काहीतरी बघ.» माझे उत्तर तयार होते. तरी मी विचारले, «काकू, तुम्हाला काय दिसलं ते सांगा.» त्या म्हणाल्या, «पानावर बसल्या बसल्या डोळा लागला त्याचा. वरणात हात तसाच.» रात्रपाळी करून, न झोपता, सत्तरेक किलोमीटर मोटारसायकल चालवत तो घरी येत असे, आणि मला त्याची इतकी सवय झाली होती की मी ते पाहत नव्हते. आता तो आधी खोलीवर झोपतो आणि दुपारच्या गाडीने येतो. दिसले काय आणि वाटले काय, एवढा एकच प्रश्न मी सल्ला देणाऱ्याला विचारते. बेनना काहीच दिसले नव्हते. काकूंना दिसले होते, आणि वर्षभर त्या चुकीचे बोलत आल्या होत्या म्हणून मी ते जवळजवळ ऐकलेच नव्हते.

जनरल शिफ्टसाठी त्याने अर्ज दिला आहे, अजून काही झालेले नाही. हल्ली रिलिव्हर आला नाही की तो कंट्रोल रूमच्या लँडलाइनवरून मला एक फोन करतो, «आला नाही अजून,» एवढे सांगतो आणि ठेवतो. पूर्वी करत नसे. मी वाट पाहू नये म्हणून तो कळवतो, की त्या बुधवारपासून तो मला हिशेब देतो आहे, हे मी त्याला अजून विचारलेले नाही.