घंटेवरून गेलेली आगगाडी

आमचं गॅदरिंग डिसेंबरच्या शेवटी व्हायचं. बाकांवर फळ्या टाकून स्टेज, मागे कुणाच्या तरी घरची चादर, आणि मंडपवाल्याचे दोन कर्णे: एक स्टेजच्या खांबाला, दुसरा फाटकाजवळच्या लिंबाला. नाच, नाटुकली, शेलापागोटे यांची धमाल असायचीच, पण मला जास्त आठवतं ते विद्यार्थी प्रतिनिधीचं भाषण. ते मुलांनी लिहायचं आणि मराठीच्या बाईंनी कापायचं, असा रिवाज होता.

आमच्या नववीच्या वर्षी हे भाषण वर्गातल्या एका मुलीकडे आलं. तिने फुलस्केपची चार पानं भरून आणली. सुरुवात नेहमीची, ‘सन्माननीय व्यासपीठ, अध्यक्ष महोदय, गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’. बाईंनी घड्याळ समोर ठेवून वाचायला लावलं. खऱ्या मुद्द्याला यायलाच जवळजवळ मिनिट गेलं. भाषणाला मिळणार होती तीन मिनिटं, म्हणजे सावकाश बोलायचं तर तीनशे शब्दांच्या आसपास.

बाई पानं उलटत तिसऱ्यावर थांबल्या. तिथे एक वाक्य होतं: ‘1897 साली सुरू झालेल्या बार्शी लाईट रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा आमच्या शाळेत घंटा म्हणून वापरला जातो ही अभिमानाची बाब असून आजपर्यंत ती घंटा एकदाही फुटलेली नाही.’

“हे मोठ्याने म्हण,” बाई म्हणाल्या. तिने म्हटलं. ‘अभिमानाची बाब’पर्यंत दम संपला आणि शेवटचा ‘नाही’ घशातच राहिला. बाईंनी मागच्या बाकावरच्या आम्हाला विचारलं, “घंटेचं काय झालं?” आम्ही ओरडलो, “फुटली!” मराठीत सगळा निकाल वाक्याच्या शेपटाला असतो आणि नेमका तिथेच आवाज पडतो, हे मला त्या दिवशी कळलं. व्याकरणाच्या तासाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग बाईंनी तेच वाक्य उचलून अगदी वर आणलं. एका तिरक्या रेघेला श्वास, दोन रेघांना मनातल्या मनात ‘पांडुरंग’ म्हणण्याइतकं थांबायचं. वहीत शेवटी असं उतरलं:

‘आमच्या शाळेच्या घंटेवरून / एकेकाळी आगगाडी जायची. // नमस्कार. // आमची घंटा म्हणजे बार्शी लाईटच्या रुळाचा तुकडा. // ही गाडी सुरू झाली / 1897 साली. // छोटे रूळ गेले, / मोठे रूळ आले, / घंटा वाजतेच आहे. //’

‘नाही’ गेला, त्यामुळे तो गिळण्याची भीतीही गेली. साल वाक्याच्या शेवटी आलं आणि त्याच्या आधी श्वास, म्हणजे आकडा भरल्या छातीने निघणार. व्यासपीठ, महोदय वगैरे मंडळींची बोळवण एका नमस्कारात झाली. मुख्याध्यापकांना ते जरा खटकलं, पण बाईंनी अध्यक्षांचं नाव आभारात घालून तोड काढली.

पहिल्या वाक्यानंतरची दोन रेघांची जागा मुलीला सोसवत नव्हती. तिला वाटायचं, लोक म्हणतील विसरली. बाईंनी तिला मैदानावर नेऊन माईकसमोर उभं केलं. समोर पन्नासएक मीटरवर वर्गांची भिंत. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे भिंतीवर आपटून परत यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. तेवढ्यात आपण पुढचं एखादं अक्षर बोलून बसतो आणि दोन्ही एकमेकांवर चढतात. लिंबावरचा कर्णा त्यात भर घालायचा तो वेगळाच. ‘जायची’ परत येऊन विरल्यावरच ‘नमस्कार’ म्हणायचं, एवढंच बाईंनी सांगितलं. मग मात्र तिला थांबायला कारण सापडलं. कुठेही रेघा मारल्या की भाषण ठसकेबाज होतं असं मात्र नाही. आमच्यातल्या एकाने हौसेने ‘आमच्या / शाळेच्या / घंटेवरून’ असं म्हणून दाखवलं, तर ते कवायतीचे हुकूम वाटले.

संमेलनाच्या रात्री तिने पहिलं वाक्य कागदाकडे न बघता म्हटलं आणि थांबली. तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरची म्हातारी माणसं एकमेकांकडे वळली. त्यांच्यातले कितीतरी त्या गाडीने फिरलेले. कुणीतरी “खरंय!” म्हणालं, हशा झाला. हशासाठी वहीत जागा ठेवली नव्हती, पण दोन रेघा तिथे होत्याच, तिने त्या आणखी लांबवल्या. पुढचं भाषण काय होतं ते आता मला फारसं आठवत नाही. त्यानंतर पाहुणे उठले आणि ‘आज या ठिकाणी’ने सुरू होऊन बराच वेळ त्या ठिकाणीच राहिले.

पुढच्या वर्षी सगळ्यांनाच वस्तूने सुरुवात करायची होती. एकाने लिहून आणलं, ‘आमच्या वर्गातला पंखा गरगर फिरताना मला एक गोष्ट सांगतो.’ बाईंनी विचारलं, “कुठल्या वर्गातला?” पंखा फक्त ऑफिसात होता.