अॅक्युरसी किती, या एका प्रश्नावर गेलेली नोकरी आणि मिळालेली नोकरी

महापेच्या त्या इंटरव्ह्यूला आता वर्ष होईल, तरी आठवलं की अजून चिडचिड होते. ऑनलाइन टेस्ट झाली, टेक्निकल राउंड झाला, दोन्ही नीट गेले. मग अडीच तास रिसेप्शनवर बसवून ठेवलं आणि शेवटी ज्यांच्यासमोर नेलं ते वसुली विभागाचे प्रमुख होते. मॉडेलिंगशी त्यांचा संबंध नव्हता. असा राउंड आहे हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

माझं आधीच्या नोकरीतलं काम साधं होतं. दुचाकी कर्ज घेतलेल्यांपैकी पुढचा हप्ता कोणाचा चुकणार, हे मॉडेलने, म्हणजे जुन्या नोंदींवरून अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामने, आधी ओळखायचं, म्हणजे त्यांना आठवणीचा फोन करता येतो. सरांनी विचारलं, "अॅक्युरसी किती?" मी म्हणालो ९२ टक्के, आणि लगेच प्रिसिजन, रिकॉल, एयूसी हे मॉडेल जोखायचे तांत्रिक आकडे सुरू केले. ते मध्येच म्हणाले, "म्हणजे शंभरात आठ चुका. त्या का होतात?" मी पुन्हा रिकॉलवर गेलो. दहा मिनिटांत राउंड संपला. नकाराचा मेलसुद्धा आला नाही. तीन आठवडे मीच फोन करत राहिलो, तेव्हा एचआरने "कम्युनिकेशन" एवढा एकच शब्द सांगितला.

त्यानंतर मी एक गोष्ट केली, ती आधी करायला हवी होती. कोपरीतल्या घरी आईला हेच काम समजावून सांगितलं, एकही इंग्रजी शब्द न वापरता. तिने विचारलं, "दहा हजारांतले चुकवणारे किती?" चारशे. "मग कोणीच चुकवणार नाही असं म्हटलं तरी तुझ्यापेक्षा बरोबरच ठरेल की!" बरोबर होतं तिचं. डोळे मिटून "सगळे भरतील" म्हणणारा ९६ टक्के बरोबर येतो आणि चुकवणारा एकही माणूस पकडत नाही. माझं मॉडेल ९२ वर होतं, कारण चारशेपैकी तीनशे पकडण्यासाठी ते सातशे चांगल्या ग्राहकांवरही उगाच संशय घेत होतं. चुका वाढल्या होत्या, पण त्या एकेका जादा फोनाच्या, स्वस्तातल्या चुका होत्या. महापेला हे एवढंच सांगायचं होतं.

दुसरी संधी ऐरोलीला आली. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने गेलो, गेटवर फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावला, पुन्हा वाट पाहिली. या वेळी समोर ऑपरेशन्सच्या मॅडम होत्या, शाखेत आणि वसुलीत वीस वर्षं काढलेल्या. आडनाव बघून त्या मराठीतच बोलायला लागल्या. पहिला प्रश्न तोच: अॅक्युरसी किती?

मी म्हणालो, "मॅडम, आकडा सांगतो, पण आधी एक विचारू? एका आठवणीच्या फोनला तुम्हाला साधारण किती खर्च येतो? आणि हप्ता चुकल्यावर माणूस घरी पाठवायला?" त्या म्हणाल्या, "हिशेबाला धर, पंचवीस आणि चारशे."

माझ्या सीव्हीची पाठ कोरी होती. तिच्यावर मी एक उभी रेघ मारली आणि म्हणालो, मॉडेल दहा हजार जणांची यादी लावून देतं, सर्वांत धोक्याचा माणूस सर्वांत वर. फोन कुठपर्यंत करत जायचं, ते मॉडेल ठरवत नाही, तुम्ही ठरवता. वरच्या दोनशेंना केला तर चुकवणारे १४० सापडतात. हजारांना केला तर ३००. अडीच हजारांना केला तर ३६०. रेघेवर या तीन ठिकाणी मी आडव्या खुणा केल्या. वरच्या खुणेशी थांबलं तर फोन फारसे वाया जात नाहीत, पण २६० जण निसटतात. खालपर्यंत गेलं तर ४० च निसटतात, पण दोन हजारांहून जास्त लोकांना विनाकारण फोन जातो आणि वेळेवर भरणारा ग्राहक वैतागतो. पकडण्याची ताकद आणि फुकट जाणारे फोन दोन्ही बरोबरच वाढतात, एकाला धरून दुसऱ्याला सोडता येत नाही.

मॅडमनी चष्मा काढून कागद स्वतःकडे वळवला. म्हणाल्या, "सापडला म्हणजे भरला, असं धरलंय तू. फोन केला की भरतो का माणूस? निम्मेसुद्धा भरत नाहीत."

हा प्रश्न मला दोन टेक्निकल राउंडमध्ये कोणीही विचारला नव्हता. एक क्षण गडबडलो, मग म्हणालो निम्मे धरू आणि पुन्हा मांडू. दोनशे फोनांचे पाच हजार. त्यातून सत्तर हप्ते वाचले, उरलेल्या ३३० घरी माणूस पाठवायचा, एकूण १,३७,०००. हजार फोनांना १,२५,०००. अडीच हजार फोनांना १,५०,५००. कोणालाच फोन केला नाही तर १,६०,०००. मधली खूण अजूनही सर्वांत स्वस्त होती, पण वरच्या खुणेशी तिचा फरक बारा हजारांवर आला होता. "निम्मे" हा आकडा खाली घसरला की खूण वर सरकणार, हे त्यांनीच बोलून दाखवलं.

तिथून थांबायचा नियम निघाला. पंचवीसचा फोन निम्म्या वेळा लागू पडून चारशे वाचवतो, म्हणजे खरा चुकवणारा असेल तर सरासरी दोनशेचा फायदा. म्हणून आठ फोनांत निदान एक खरा चुकवणारा निघत असेल तोवर यादीत खाली जायचं. दोनशे ते हजार या टप्प्यात पाचात एक निघत होता, हजारापुढे पंचविसात एक. मॅडमनी "आठात एक" असं लिहून त्याभोवती गोल केला.

हे करताना एक पाळा, मी महापेला पाळलं नव्हतं: खर्चाचे आकडे त्यांच्याच तोंडून घ्या. आपण आणलेल्या आकड्यावर समोरचा वाद घालतो, स्वतःच्या आकड्यावर हिशेब करतो. आणि उदाहरणातले आकडे गोल ठेवा; ३६० ऐवजी ३५७ असेल तर तोंडी गुणाकार अडतो आणि लक्ष तिकडे जातं. अॅक्युरसी मात्र लपवू नका. मी शेवटी ९२ सांगितलीच, आणि काहीच न करणाऱ्याची ९६ सुद्धा. मॅडम म्हणाल्या, "मग हा आकडा आम्हाला दर महिन्याला का पाठवतात?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अडलं शेवटी एकाच जागी. "निम्मे भरतात हे कशावरून ठरवायचं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, यादीतल्या वरच्या हजारांतून चिठ्ठ्या टाकून शंभर काढायचे आणि त्यांना फोनच करायचा नाही. उरलेल्या नऊशेंत आणि या शंभरांत हप्ते चुकण्याचं प्रमाण किती वेगळं येतं, तोच फोनचा खरा परिणाम. त्यांच्या कपाळावर आठी आली. "धोक्याचे म्हणून तूच काढलेले, आणि त्यांनाच सोडून द्यायचं? वरिष्ठांना काय सांगू मी?" मी म्हणालो, शंभरांतले तीसेक जण खरे चुकवणारे असतील, फोनने निम्मे वाचले असते असं धरलं तर पंधरा घरी जास्त माणूस पाठवावा लागेल. सहा हजार रुपये, फोनांचे अडीच हजार वाचतात ते वजा करून साडेतीन हजार. त्या काही बोलल्या नाहीत. कागद घडी करून स्वतःच्या डायरीत ठेवला.

नऊ दिवसांनी ऑफर आली. घरी आईला सांगितलं तेव्हा ऊर भरून आला होता. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मॅडमनी बोलावून यादी समोर ठेवली आणि म्हणाल्या, "शंभर नाही, साठ देते. काढ चिठ्ठ्या."