दाखल नोंदवहीपासून शोधचौकटीपर्यंत: आमची वाटचाल

नाशिकमध्ये आम्ही तिघांनी संकेतस्थळे तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा वाचनालये आमची ग्राहक होतील असे मनातही नव्हते. तालुक्याच्या एका गावातील जुन्या वाचनालयाचे कार्यवाह आमच्याकडे आले आणि म्हणाले, "सभासदांना घरबसल्या पुस्तकांची यादी दिसावी आणि नियम वाचता यावेत, एवढेच करून द्या." महिन्याभराचे म्हणून घेतलेले ते काम पुढे जवळजवळ वर्षभर चालले, आणि आज आम्ही जे काही जाणतो त्यातले बरेचसे त्याच वर्षी शिकलो.

वाचनालयाने आम्हांला सुमारे ११,००० नोंदींची एक्सेल फाइल दिली. दाखल नोंदवहीवरून एका मुलाने ती प्रामाणिकपणे टंकित केली होती. इतक्या प्रामाणिकपणे की एकाच लेखकाची पुस्तके ओळीने आली असता ग्रंथपालांनी हाताने काढलेली 'वरीलप्रमाणे' ही खूणही त्याने जशीच्या तशी उतरवली होती. आम्ही यादी शीर्षकाच्या अकारविल्हे लावली आणि त्याच क्षणी शेकडो पुस्तकांचे लेखक बदलले, कारण 'वरील' पुस्तकच आता दुसरे झाले होते. सुदैवाने दाखल क्रमांकाचा रकाना शाबूत होता. त्यानुसार फाइल पुन्हा मूळ क्रमाने लावली, प्रत्येक खुणेच्या जागी खरे नाव भरले आणि मगच पुढे गेलो. तेव्हापासून कोणत्याही वाचनालयाची यादी हाती आली की क्रम बदलण्याआधी आम्ही रिकामे रकाने आणि अशा खुणा शोधतो.

दुसरी चूक आमची स्वतःची होती. दाखल क्रमांक पुस्तकाच्या शीर्षकाला नसतो, तो प्रत्येक प्रतीला स्वतंत्र असतो, हे आम्हांला ठाऊक नव्हते. त्यामुळे एखाद्या लोकप्रिय कादंबरीच्या सहा प्रती यादीत सहा वेळा दिसत आणि त्यांतली कोणती कपाटात आहे हे कळत नसे. आता शीर्षक एकदाच दिसते आणि त्याखाली प्रतींची स्थिती येते. जीर्ण झाल्याने बाद केलेल्या प्रतीचा क्रमांक नव्या पुस्तकाला कधीही देता येत नाही, अन्यथा जुनी देवघेव नव्या पुस्तकाच्या नावावर जमा होते.

यादी स्वच्छ झाली तरी शोध चालेना. 'किनाऱ्यावर' असा शब्द शीर्षकात असलेले पुस्तक एका सभासदाला मोबाइलवर सापडत नव्हते, ग्रंथपालांना मात्र वाचनालयातील संगणकावर हमखास सापडे. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखेच दिसतात, परंतु त्यातील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: एक ऱ हे अक्षर आणि हलन्त, दुसरा साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. 'ॲ'चेही तसेच, कोणी ते एकच अक्षर टंकतो, तर कोणी 'अ'वर चंद्र देतो. उपाय लहान होता. शोधशब्द आणि यादी या दोन्हींना आम्ही एकाच साच्यातून काढू लागलो:

```
s = s.normalize("NFC")
  .replace(/\u0930\u094D\u200D/g, "\u0931\u094D")
  .replace(/\u0905\u0945/g, "\u0972")
  .replace(/[\u200C\u200D]/g, "");
```

यात क्रम महत्त्वाचा आहे. अदृश्य चिन्हे आधीच काढून टाकली तर 'ऱ्या'चा 'र्या' होतो. हा साचा केवळ शोधासाठी असून पानावर शीर्षक मूळ रूपातच दाखवले जाते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र याने सुटत नाहीत.

नियमांचे पान सर्वांत सोपे वाटले होते. फलकावर 'पुस्तक १५ दिवसांत परत करावे, विलंबास रोज १ रुपया दंड' असे होते आणि आम्ही तेच उतरवले. एका बाईंनी रविवारी, ३ मार्चला पुस्तक नेले आणि मंगळवारी, १९ तारखेला आणून दिले. आमच्या प्रणालीने नेण्याचा दिवस धरून १७ ही मुदत काढली आणि दोन रुपये दंड दाखवला. बाईंचे म्हणणे असे की नेण्याचा दिवस मोजायचा नसतो, म्हणजे मुदत सोमवारी, १८ला संपते, आणि सोमवारी वाचनालय बंद! ग्रंथपालही वर्षानुवर्षे तसेच मोजत आले होते, फक्त ते कोठेही लिहिलेले नव्हते. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत नियम नव्याने लिहिला गेला: नेण्याचा दिवस वगळावा, आणि मुदतीचा दिवस सुटीचा असल्यास पुढील कामकाजाचा दिवस धरावा. संकेतस्थळावर आता '१५ दिवस' या शब्दांसोबत प्रत्येक सभासदाला त्याच्या खात्यात नेमकी तारीख दिसते. त्या बाईंचे दोन रुपये अर्थातच घेतले गेले नाहीत.

वर्गणी, अनामत आणि एका वेळी किती पुस्तके हे ठरवणे प्रत्येक वाचनालयाचा आपापला विषय असतो, त्यात आम्ही पडत नाही. एकच गोष्ट आम्ही आवर्जून विचारतो: सभासदाच्या अनामतीपेक्षा महाग पुस्तक घरी द्यायचे की नाही? बहुतेक ठिकाणी उत्तर ग्रंथपालांच्या मनात असते, नियमावलीत नसते. दिवाळी अंकांची योजना मात्र आम्ही पुस्तकांपासून पूर्णपणे वेगळी ठेवतो. तिची वर्गणी वेगळी, मुदत दोन-तीन दिवसांची, आणि ती पुस्तकांच्या नियमांत बसवण्याचा आमचा पहिल्या वर्षीचा प्रयत्न नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात मोडीत निघाला होता.