लूप प्रोटेक्शन चालू होतं, तरी व्हीलॅन 20 कोसळलं

मागच्या अपडेटमध्ये मी लिहिलं होतं की दोन्ही स्मार्ट स्विचेसचं लूप प्रोटेक्शन तपासून झालं आणि तो विषय संपला. तो संपलेला नाही. शनिवारी रात्री सगळे कॅमेरे गोठले, घरातलं वायफाय रांगायला लागलं आणि वरच्या व खालच्या स्विचमधल्या दोन्ही केबल्सचे दिवे लुकलुकायचे थांबून जवळजवळ स्थिर पेटलेले दिसले. म्हणजे लूपच. पण एकही पोर्ट बंद झालेलं नव्हतं.

झालं असं. रेकॉर्डिंगचा भार दोन्ही स्विचेस जोडणाऱ्या मुख्य केबलवर, म्हणजे ट्रंकवर, नको म्हणून मी कॅमेऱ्यांसाठी दोन्ही मजल्यांमध्ये दुसरी केबल ओढली. तिच्या दोन्ही टोकांच्या पोर्टवर फक्त कॅमेऱ्यांचं व्हीलॅन 20 टॅग्ड ठेवलं आणि व्हीलॅन 1 मधून ती पोर्ट्स काढली. जुन्या ट्रंकवरून मात्र व्हीलॅन 20 काढायचं राहिलं. त्यामुळे व्हीलॅन 20 ला दोन वाटा मिळाल्या आणि इथरनेट फ्रेमला टीटीएल, म्हणजे ती कधीतरी संपवणारी मर्यादा, नसतो. एका कॅमेऱ्याची एकच एआरपी विनंती दोन्ही केबल्समधून गोल फिरत राहिली. गिगाबिट दुव्यावर सर्वांत लहान फ्रेम्स सेकंदाला सुमारे 14.88 लाख बसतात, तेव्हा ट्रंकवरच्या बाकी ट्रॅफिकला जागा उरली नाही.

मग लूप शोधायला स्विच जे प्रोब पाठवतो ते कुठे गेले? वरच्या स्विचवर ट्रंकचं मिररिंग लावून रास्पबेरी पायवर बघितलं:

```
sudo tcpdump -e -n -i eth0 ether proto 0x8899
```

प्रोब नियमित निघत होते: 60 बाइट्स, ब्रॉडकास्ट पत्त्यावर, स्रोत म्हणून स्विचचा स्वतःचा मॅक. तोच मॅक स्वतःच्या पोर्टवर परत आला की लूप आहे, एवढंच या यंत्रणेला कळतं. (मिररिंग नसलेला स्मार्ट स्विच घेऊ नका, असं मी आता ठामपणे सांगतो. त्याशिवाय हे दिसलंच नसतं.)

प्रोबवर टॅग नव्हता, आणि सगळं कोडं तिथेच सुटलं. दुसऱ्या केबलवरून गेलेला प्रोब खालच्या स्विचला अनटॅग्ड मिळतो. पीव्हीआयडी 1 असल्याने तो त्याला व्हीलॅन 1 चा समजतो, पण ते पोर्ट व्हीलॅन 1 चं सदस्य नाही, म्हणून टाकून देतो. ट्रंकवरून गेलेला प्रोब नीट पोचतो, पण त्याच कारणाने दुसऱ्या केबलवर बाहेर पडत नाही. म्हणजे प्रोबच्या दृष्टीने लूप नाहीच. मागची माझी चाचणी यशस्वी झाली होती, कारण तेव्हा दोन्ही केबल्स अनटॅग्ड होत्या.

चूक दुरुस्त करायला एक टिकमार्क पुरला. पण पुन्हा असं झालं तर पकडलं जावं म्हणून दोन्ही टोकांना दुसऱ्या केबलवर व्हीलॅन 1 अनटॅग्ड जोडून बघितलं. आता ती केबल कायमची लूपच झाली, आणि काही सेकंदांत वरच्या स्विचने एक पोर्ट बंद केलं! पाच चाचण्या, पाचही वेळा. त्या क्षणी खरंच बरं वाटलं. नियम मनात पक्का झाला: स्विच-ते-स्विच जाणाऱ्या प्रत्येक केबलवर प्रोबचं व्हीलॅन असायलाच हवं. म्हणजे घरात चालू केबल एकच, दुसरी हाताने लावायची राखीव.

मग उत्साहाच्या भरात या पोर्ट्सवर स्टॉर्म कंट्रोलही लावलं, ब्रॉडकास्टची मर्यादा अगदी खाली. लूप असूनही लॅपटॉप सुरळीत चालला. पण पोर्ट पाचपैकी दोनदाच बंद झालं. प्रोब स्वतःच ब्रॉडकास्ट आहे; फिरणाऱ्या एआरपीच्या गर्दीत मर्यादेपलीकडे गेलेल्या फ्रेम्सबरोबर तोही फेकला जातो. वादळ शांत दिसतं आणि लूप लपून राहतो, हे मला जास्त घातक वाटलं. आता स्टॉर्म कंट्रोल फक्त कॅमेरे आणि टीव्हीच्या पोर्ट्सवर आहे, दोन स्विचेसच्या मधल्या दुव्यावर नाही.

दुकानदार सांगतात, ‘लूप प्रिव्हेन्शन म्हणजे एसटीपीच हो’. ते खरं नाही. एसटीपीवाले स्विचेस आपसात ठरवून कोणता मार्ग चालू ठेवायचा ते निवडतात. इथे प्रत्येक स्विच एकटाच ठरवतो, आणि दोघांनी एकाच वेळी वेगवेगळी केबल बंद केली तर मजले तुटतात. माझ्याकडे सहाव्यांदा नेमकं तेच घडलं.

म्हणून वरचा स्विच आरएसटीपीवाला घ्यायचं ठरवलं होतं, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की तेवढ्याने भागणार नाही. खालच्या स्विचला एसटीपी येत नाही. वरच्याचा बीपीडीयू, म्हणजे एसटीपीचा संदेश, त्याने पुढे पाठवला, तरच तो परत येऊन लूप कळेल. आणि बीपीडीयूही अनटॅग्डच असतो, म्हणजे व्हीलॅनची तीच भिंत. दोन्ही टोकांना आरएसटीपी असेल तर बीपीडीयू पोर्टवरच वाचला जातो, व्हीलॅनच्या सदस्यत्वाचा अडथळा येत नाही. म्हणून एकाऐवजी दोन्ही बदलणार, आणि ट्रंकच चालू राहावी म्हणून दुसऱ्या केबलच्या पोर्टची पाथ कॉस्ट वाढवणार. ते होईपर्यंत ती केबल काढून गुंडाळून ठेवली आहे.