‘परवा’ म्हणजे नेमकं कधी?

मी पुण्यात भाडेकरार नोंदणीची कामं करते. थंब मशीन घेऊन लोकांच्या घरी जायचं, मालक आणि भाडेकरूचे अंगठे आणि फोटो घ्यायचे. वेळा बहुतेक व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजवरच कळतात. मेसेज ऐकून कॅलेंडरमध्ये एक ओळ लिहायची आणि दोन ओळींचं उत्तर पाठवायचं, हे मिनिटभराचं काम. जूनमध्ये याच कामात माझा एक अख्खा दिवस गेला, त्याचा राग अजून आहे.

एका घरमालक काकांचा ३८ सेकंदांचा मेसेज होता. मुलाची परीक्षा, सोसायटीचं पाणी हे सगळं झाल्यावर शेवटी, ‘‘मग परवा साडेअकराला या, भाडेकरू पण तेव्हा येतोय.’’ मी तो रविवारी, १५ तारखेला सकाळी ऐकला. रविवारचा परवा मंगळवार, म्हणून १७ तारीख टाकली आणि उत्तर दिलं, ‘‘हो काका, परवा येते.’’ सोमवारी पावणेबाराला काकांचा फोन, ‘‘अहो, आम्ही वाट बघतोय!’’ भाडेकरू ऑफिसातून अर्धी रजा काढून आला होता. मी तेव्हा हडपसरला दुसऱ्यांकडे होते.

घरी येऊन मेसेज पुन्हा उघडला. खाली वेळ होती रात्री १२:२०. म्हणजे फोनच्या हिशेबाने रविवार लागला होता, पण काका अजून झोपले नव्हते. त्यांच्या लेखी तो शनिवारच होता आणि शनिवारचा परवा सोमवार. ‘परवा’ बोलणाऱ्याच्या दिवसावरून मोजायचा असतो. मी तो ऐकण्याच्या दिवसावरून मोजला, आणि वर माझ्या उत्तरातही तोच शब्द वापरला. काकांना चूक दिसणार कशी? वार आणि तारीख लिहिली असती तर त्यांनी तिथेच टोकलं असतं.

आता आधी मेसेजखालची वेळ बघते, मगच ऐकते. मध्यरात्रीनंतरचा असेल तर दिवस विचारल्याशिवाय धरत नाही. कॅलेंडरमधली ओळ अशी असते:

? सोम १६ जून, ११:३०, भाडेकरार अंगठे, काका (मालक) + भाडेकरू, कोथरूड

पुढचं प्रश्नचिन्ह समोरून ‘हो’ येईपर्यंत काढत नाही. आणि उत्तर:

‘‘काका, सोमवार १६ जून, सकाळी ११:३०, तुमच्या घरी. बरोबर ना? दोघांची आधार कार्डं जवळ ठेवा.’’

प्रश्न एकच विचारायचा. दोन विचारले की लोक दुसऱ्याचंच उत्तर देतात आणि तारीख तशीच लटकत राहते. हो, आणि अडीच, दीड हे आकड्यांतच लिहा, २:३०, १:३०. भाडेकरू बाहेरच्या राज्यातला असला आणि मालकांनी मेसेज तसाच पुढे पाठवला, तर त्याला ते नीट कळतं.

काकांचा करार शेवटी गुरुवारी, १९ तारखेला झाला. भाडेकरूला पुन्हा अर्धी रजा टाकावी लागली.