फोटोतली पैठणी परत करताना

दिवाळीआधी आईसाठी ऑनलाइन पैठणी मागवली. ६,४९९ रुपये, वर्णनात 'शुद्ध रेशीम, हातमागावर विणलेली'. चार दिवसांत घरपोच आली. आईनं पदर उलटून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. हातमागावरच्या पैठणीची नक्षी मागूनही तेवढीच स्वच्छ दिसते. इथे मागे नुसते लोंबते धागे होते.

परतीच्या अर्जात 'वस्तू फोटोपेक्षा वेगळी' हे कारण निवडलं, पदराच्या दोन्ही बाजूंचे फोटो जोडले. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'प्रकाशामुळे रंगात फरक दिसू शकतो.' तक्रार बंद. पुन्हा केली, तेच वाक्य. चार वेळा! रंगाबद्दल मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. पाचव्यांदा अर्ज करायला गेले तर विक्रेत्यानं फोटोच बदललेला. ऑर्डर करताना बहिणीला स्क्रीनशॉट पाठवला होता म्हणून मूळ फोटो हाती राहिला. तुम्ही ऑर्डरच्या दिवशीच फोटो आणि वर्णन दोन्हींचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

त्या रात्री तो फोटो मोठा करून बघत बसले. पदरावरचे मोर घडी पडली तरी वाकत नव्हते, सपाट कागदावर छापल्यासारखे सरळ पुढे गेलेले. खांद्याजवळची एक चुणी कमरेपाशी जशीच्या तशी पुन्हा. सिल्क मार्कच्या टॅगवर वरची ओळ कशीबशी वाचता येत होती, खालच्या ओळीत कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं. आणि बाईच्या मागे आरसा होता. त्यात तिची पाठ दिसत होती, पण डाव्या खांद्यावरून मागे सोडलेला पदर आरशात नव्हताच.

फोटो खऱ्या साडीचा नव्हताच, एआयनं बनवलेला वाटत होता. हे सगळं लिहून पाठवणार होते, पण ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला तेव्हा तिथल्या बाईंनी वेगळा रस्ता दाखवला. फोटो बनावट आहे हे सिद्ध करण्याच्या मागे लागू नका, वस्तू जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नाही एवढंच धरून ठेवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशी वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. मग 'फोटो' हा शब्दच बाजूला ठेवला. वर्णनाचा स्क्रीनशॉट, मागच्या धाग्यांचा जवळून काढलेला फोटो आणि तो नियम, असं थेट कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यांना ईमेलनं पाठवलं. त्यांना ४८ तासांत पोच द्यावीच लागते. पोच आली आणि आठवड्याभरात पैसेही. एवढं हायसं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

हो, एक राहिलं: पैठणी मागवण्याआधी विक्रेत्याकडे पदराच्या मागच्या बाजूचा फोटो मागा, त्या दिवशीच्या वर्तमानपत्रावर साडी ठेवून काढलेला. येवल्याच्या एका विणकरानं मला तो दहा मिनिटांत पाठवला. आईची पैठणी आता तिकडूनच येते आहे.