आमची वाटचाल: एका आकड्यावरून डेटा इंजिनिअर समजावताना

आमची फर्म छोटी आहे आणि काम एकच आहे, कंपन्यांना तांत्रिक पदांसाठी माणसं शोधून देणं. सुरुवातीला मागणी असायची ती वेबसाइट आणि अ‍ॅप बनवणाऱ्यांची. त्यांचं काम स्क्रीनवर दिसतं, त्यामुळे मुलाखत घेणारे मॅनेजर तांत्रिक नसले तरी अडत नसे. पुढे डेटा इंजिनिअरची मागणी वाढली आणि गाडी अडू लागली, कारण हे काम नीट चाललेलं असतं तेव्हा ते कुणाच्या नजरेलाच पडत नाही. जेडी, म्हणजे पदाच्या कामाचं वर्णन, हातात यायची ती स्पार्क, काफ्का, एअरफ्लो अशा टूल्सच्या नावांची यादी असायची. ती यादी ज्यांच्या सहीने निघायची, त्यांनाच या माणसाने रोज काय करायचं हे सांगता येत नसे.

यावर पाइपलाइनचं, म्हणजे पाण्याच्या नळाचं उदाहरण सर्रास दिलं जातं. ते अर्धंच लागू पडतं. नळाला पाणी आलं नाही तर लगेच कळतं. डेटा चुकीचा आला तरी रिपोर्टमध्ये आकडा दिसतोच, आणि तो आकडा दिसायला अगदी रास्त असतो. डेटा इंजिनिअरचं खरं कसब इथे लागतं, म्हणून आम्ही समजावण्याची सुरुवातही इथूनच करतो.

पहिल्या बैठकीत मॅनेजरना आम्ही टूल्सबद्दल काहीच विचारत नाही. विचारतो ते एवढंच: सकाळी आल्या आल्या तुम्ही कुठला आकडा बघता? उत्तर बहुतेकदा ‘कालची विक्री’ असं येतं. मग तो आकडा धरून उलटं मागे जायचं. ऑर्डर एका डेटाबेसमध्ये नोंदल्या जातात, पैसे जमा झाल्याची फाइल पेमेंट कंपनीकडून येते, परत आलेल्या मालाची नोंद कुणीतरी एक्सेलमध्ये ठेवतं. रात्री ठरलेल्या वेळी या तिन्ही ठिकाणांहून माहिती उचलायची, एका जागी आणायची, साफ करायची, जोडायची आणि सकाळच्या आत रिपोर्टला द्यायची. हे रोज, कुणी बटण न दाबता, घडवून आणणं हे डेटा इंजिनिअरचं काम. त्या आकड्यावरून विक्री का घसरली हे शोधणारा तो डेटा अ‍ॅनालिस्ट. पुढच्या महिन्याचा अंदाज बांधणारं मॉडेल तयार करणारा तो डेटा सायंटिस्ट. एकाच जेडीत तिघांचीही कामं घातली, तर येणारे उमेदवारही तीन जातीचे येतात.

‘माहिती जोडायची’ हे ऐकायला सोपं वाटतं, म्हणून तिथे आम्ही कागद पुढे ओढतो. समजा, काल दोनच ऑर्डर आल्या. ‘अ’ ऑर्डर 1,000 ची, ‘ब’ ऑर्डर 500 ची. खरी विक्री 1,500. ‘अ’च्या ग्राहकाने पैसे दोन हप्त्यांत भरले, 400 आणि 600. म्हणजे पेमेंटच्या फाइलमध्ये ‘अ’च्या दोन ओळी आणि ‘ब’ची एक. आता ऑर्डरची यादी आणि पेमेंटची यादी ऑर्डर नंबरवरून सरळ जोडली, तर ‘अ’ दोनदा येते आणि दोन्ही ओळींत ऑर्डरची रक्कम 1,000 च असते. बेरीज होते 2,500. कुठेही लाल अक्षरांत एरर येत नाही. कॉम्प्युटरने सांगितलं तेच केलेलं असतं. जाणकार इंजिनिअर आधी प्रत्येक ऑर्डरचे हप्ते एकत्र करून एक ओळ करतो, आणि मगच जोडतो. शिवाय जोडून झालेल्या तक्त्यावर रोज आपोआप चालणारी एक तपासणी बसवतो:

```sql
SELECT order_id, COUNT(*)
FROM daily_sales
GROUP BY order_id
HAVING COUNT(*) > 1;
```

म्हणजे, एकापेक्षा जास्त वेळा आलेले ऑर्डर नंबर दाखव. या तक्त्यात ऑर्डरमागे एकच ओळ हवी, त्यामुळे उत्तर रिकामं यायला हवं. काही आलं तर रिपोर्ट थांबवायचा आणि संबंधितांना कळवायचं. हा कागद पाहिल्यावर मॅनेजरच्या चेहऱ्यावर फरक पडतो, कारण ‘आकडा फुगतो’ हा त्यांच्या रोजच्या धास्तीचा विषय असतो.

दुसरी गोष्ट रात्रीच्या बिघाडाची. काम अर्ध्यावर असताना नेटवर्क तुटलं, तर ते आपोआप पुन्हा सुरू होतं. पहिल्या खेपेला निम्म्या ओळी चढल्या होत्या आणि दुसऱ्या खेपेला सगळ्या चढल्या, तर त्या निम्म्या ओळी दुप्पट होतात. म्हणून काम असं रचावं लागतं की तेच पुन्हा कितीही वेळा चालवलं तरी आकडा तोच यावा. साधा मार्ग म्हणजे त्या तारखेचा आधीचा डेटा काढून पूर्ण दिवस नव्याने भरणं, आणि हे दोन्ही एकत्रच पार पडेल किंवा दोन्ही होणार नाही अशी सोय करणं. हाच गुण पुढेही उपयोगी पडतो. समोरच्या कंपनीने जुन्या महिन्याची दुरुस्त फाइल पाठवली, की तो महिना बिनधास्त पुन्हा भरता येतो.

बाहेरून येणाऱ्या फाइलचं स्वरूप न सांगता बदलतं, हे तिसरं दुखणं. 03/04 ही तारीख 3 एप्रिल की 4 मार्च? दिवसाचा आकडा 12 च्या वर गेला तरच घोटाळा उघडा पडतो, तोवर तो खपून जातो.

एवढं बोलणं झालं की जेडी आपसूक बदलते. आता आम्ही मॅनेजरकडून तीन गोष्टी लिहून घेतो: माहिती किती ठिकाणांहून येते, आकडा किती वाजेपर्यंत हवा, आणि तो चुकला तर कोणता निर्णय चुकतो. ‘रिअल टाइम’ असं लिहिलेलं असेल तर हमखास विचारतो की दर मिनिटाला आकडा बदलला तर तुम्ही दर मिनिटाला काही वेगळं करणार आहात का? निर्णय दिवसातून एकदाच होत असेल तर रात्रीची एक खेप पुरते, आणि सतत येत राहणारा डेटा हाताळणाऱ्या काफ्काचा अनुभव ही अट गळून पडते. स्पार्कचंही तसंच. काम अनेक मशीनवर वाटून करण्यासाठी ते आहे. काही जीबी डेटा एक साधा डेटाबेस आरामात सांभाळतो. यादीत उरतात एसक्यूएल, पायथन आणि मुलाखतीत तपासता येतील अशा सवयी.

त्या तपासायला तांत्रिक ज्ञान लागत नाही. मॅनेजरनी एकच प्रश्न विचारावा: ‘कालची फाइल आज चुकून पुन्हा आली, तर आमच्या विक्रीच्या आकड्याचं काय होईल?’ चांगला उमेदवार आधी उलट प्रश्न करतो. ऑर्डर ओळखायचा नंबर कोणता? दुसरी फाइल जशीच्या तशी आहे की दुरुस्त केलेली? मग तो दिवस पुन्हा कसा भरेल आणि दुप्पट झालंच तर कशावरून कळेल, हे साध्या शब्दांत सांगतो. ‘फाइल दोनदा पाठवू नका असं त्यांना कळवू’ एवढ्यावर जो थांबतो, त्याचा रेझ्युमे कितीही भरगच्च असला तरी आम्ही त्याला पुढच्या फेरीला पाठवत नाही. टूलची नावं घेऊन बोलणाऱ्याला मॅनेजरनी तिथेच थांबवून म्हणावं, ‘हे नाव न घेता सांगा.’ काम स्वतः केलेला माणूस या प्रश्नावर अडत नाही. तो कागद मागतो आणि दोन ओळींचा तक्ता काढून दाखवतो.